एटीएम कार्ड हरवलं तर बँकेला हिंदीत फोन: सराव पाठ



आजचा संदेश पिकाचा नाही, पैशाचा आहे. थोडा लांब आहे, पण निवांत वाचा आणि घरात दोघं बसून एकदा मोठ्यानं म्हणून बघा.

शनिवारी संध्याकाळी कार्ड हरवलं तर शाखा सोमवारी उघडणार. मध्ये दीड दिवस जातो. तेवढ्या वेळात बँकेशी बोलायचा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे हेल्पलाइन. ती चोवीस तास चालू असते, पण पलीकडचा माणूस बहुतेक वेळा हिंदीत बोलतो. मराठीचा पर्याय ऐकू आला तर तोच दाबा, उगाच हिंदीची हौस नको. पण तो पर्याय नसेल, किंवा मराठी बोलणारा माणूस मोकळा नसेल, तर अडून बसायला वेळ नसतो.

घाई कशासाठी ते आधी बघा. आजकालच्या कार्डावर आडव्या लाटांसारखी खूण असते. असं कार्ड दुकानातल्या मशीनला नुसतं टेकवलं तरी पैसे कटतात. 1 जानेवारी 2021 पासून एका वेळी 5000 रुपयांपर्यंत पिन न विचारता पैसे जाऊ शकतात. म्हणजे "माझा पिन कुणाला माहीत नाही, काय होणार?" हा हिशेब आता चालत नाही.

दुसरं कारण नियमाचं आहे. रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात सांगितलं आहे की, ग्राहकानं बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेनं सोसायचं. सहकारी बँकांसाठी असंच परिपत्रक त्याच वर्षी 14 डिसेंबरला निघालं. कळवण्याआधी गेलेल्या पैशाचं काय, हे चूक कुणाची आणि किती दिवसांत कळवलं यावर ठरतं. म्हणून फोन किती वाजता केला आणि तक्रारीचा नंबर काय मिळाला, या दोन गोष्टींना पैशाइतकीच किंमत आहे.

*फोन कुठे लावायचा*

नंबर गुगलवर शोधू नका. कस्टमर केअरच्या नावानं खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात आणि माणूस घाबरलेला असताना नेमका तोच लावतो. खरा नंबर पासबुकावर असतो. कार्डाच्या मागेही असतो, पण कार्डच हरवलं तर तो काय कामाचा? म्हणून आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. स्टेट बँकेचे टोल फ्री नंबर 1800 1234 आणि 1800 2100 आहेत. बाकी बँकांचा नंबर आपापल्या पासबुकावरून घ्या.

फोन खात्याला जोडलेल्या नंबरावरूनच लावा. आणि शक्यतो खातेदारानंच बोला. वडिलांचं कार्ड असेल आणि मुलगा बोलू लागला, तर पलीकडचा म्हणतो, "खाताधारक से बात कराइए।" मग वडिलांच्या हातात फोन जातो आणि त्यांनी तर काहीच पाठ केलेलं नसतं. म्हणून हा सराव घरातल्या हिंदी येणाऱ्या पोरानं करण्यापेक्षा ज्याच्या नावावर खातं आहे त्यानं करावा.

सुरुवातीला रेकॉर्ड केलेला आवाज येतो. "दबाएँ" म्हणजे दाबा. "लाइन पर बने रहिए" म्हणजे फोन ठेवू नका, थांबा. कार्ड हरवल्याचा किंवा ब्लॉक करण्याचा पर्याय बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच सांगतात, म्हणून बटणं दाबायची घाई करू नका, आधी ऐका.

*आता सरावाचा फोन*

असं समजा: शनिवारी दुपारी तुम्ही जाफराबादला खत-औषधाच्या दुकानात कार्डानं पैसे दिले आणि टेंभुर्णीला घरी आलात. सहा वाजून वीस मिनिटांनी मेसेज आला, 1850 रुपये कटले. तुम्ही तर घरी चहा पीत बसलेले. खिसा बघितला, कार्ड नाही. तुमच्याकडे दोन कार्डं आहेत, एक बचत खात्याचं आणि एक किसान क्रेडिटचं. हरवलं ते बचत खात्याचं. पावणेसातला तुम्ही फोन लावला.

एकानं बँकेचा माणूस व्हायचं, एकानं स्वतः. जिथे टिंब आहेत तिथे स्वतःचं नाव घाला.

बँक: नमस्कार, मैं आपकी क्या सहायता कर सकता हूँ?

तुम्ही: नमस्ते सर। मेरा एटीएम कार्ड खो गया है। आप उसे तुरंत ब्लॉक कर दीजिए।

बँक: जी, ज़रूर। पहले अपना पूरा नाम और जन्मतिथि बताइए।

तुम्ही: मेरा नाम ........ है। जन्मतिथि बारह जून, एक नौ छह आठ।

बँक: क्या आप रजिस्टर्ड मोबाइल नंबर से बात कर रहे हैं?

तुम्ही: जी हाँ, यही नंबर खाते से जुड़ा है।

बँक: आपके नाम पर दो कार्ड दिख रहे हैं। कौन-सा ब्लॉक करना है?

तुम्ही: बचत खाते वाला। आख़िरी चार अंक हैं चार, सात, दो, छह। किसान क्रेडिट कार्ड मेरे पास है, उसे चालू रखिए।

बँक: अस्थायी रूप से ब्लॉक करूँ या हमेशा के लिए?

तुम्ही: हमेशा के लिए। मुझे पैसे कटने का मैसेज आया है।

बँक: आपको पता है कितने पैसे कटे हैं?

तुम्ही: जी, अठारह सौ पचास रुपये, आज शाम छह बजकर बीस मिनट पर। यह लेन-देन मैंने नहीं किया है।

बँक: ठीक है। क्या मैं आपकी कॉल दो मिनट होल्ड पर रख सकता हूँ?

तुम्ही: जी, मैं लाइन पर हूँ।

बँक: धन्यवाद। आपका कार्ड ब्लॉक कर दिया है और लेन-देन की शिकायत दर्ज कर ली है।

तुम्ही: कृपया शिकायत नंबर बताइए। ज़रा धीरे बोलिए, मैं लिख रहा हूँ।

बँक: आठ, पाँच, डबल ज़ीरो, तीन, एक, नौ।

तुम्ही: मैं फिर से पढ़ता हूँ। आठ, पाँच, ज़ीरो, ज़ीरो, तीन, एक, नौ। सही है?

बँक: जी, सही है।

तुम्ही: नया कार्ड किस पते पर आएगा, और कितना चार्ज लगेगा?

बाई बोलत असेल तर "मैं लिख रही हूँ", "पढ़ती हूँ" असं म्हणायचं. बाकी सगळं तेच.

*मराठी माणूस कुठे अडकतो*

जाफराबादच्या बाजारात आपल्याला हिंदी बोलायची सवय आहे. "मेरेको", "तेरेको" तिथे चालतं आणि फोनवरही समजतं, त्याची लाज नको. पण "हौ" म्हटलं तर लखनौच्या माणसाला उलगडेलच असं नाही, "जी" किंवा "हाँ" म्हणा. खरी अडचण बाजारातल्या हिंदीची नाही. दोन्ही भाषांत सारख्या दिसणाऱ्या पण अर्थ वेगळा असणाऱ्या शब्दांची आहे.

पहिला शब्द *हरवणे*. आपण घाईत म्हणतो, "मेरा कार्ड हरवा गया." हिंदीत "हराना" म्हणजे कुस्तीत किंवा निवडणुकीत पाडणे. हरवलं याला "खो गया" किंवा "गुम हो गया" म्हणायचं. सापडत नाही याला "मिल नहीं रहा है".

रस्त्यात पडलं असेल तर "खाली गिरा" म्हणू नका. हिंदीत *खाली* म्हणजे रिकामं. "नीचे गिर गया" किंवा नुसतं "गिर गया" म्हणा. उलट बाजूनंही लक्षात ठेवा: पलीकडचा म्हणाला "आपका खाता खाली है", तर तो खात्यात पैसा नाही असं सांगतोय.

*पत्ता* हा शब्द सगळ्यात जास्त घोळ घालतो. आपल्या पत्त्याला हिंदीत "पता" म्हणतात आणि हिंदीतला "पत्ता" म्हणजे झाडाचं पान. त्यात "पता होना" म्हणजे माहीत असणं. वरच्या संवादात "आपको पता है कितने पैसे कटे हैं?" असं विचारलं, तिथे बरेच जण गावाचा पत्ता सांगायला लागतात. वाक्यात "है" किंवा "नहीं" जोडून आलं, "पता है", "पता नहीं", तर तो माहितीबद्दल बोलतोय. "पता बताइए", "किस पते पर" असं आलं, तर तो गावाचा पत्ता.

गावाचा पत्ता सांगताना आणखी एक. जाफराबाद गुजरातमध्येही आहे, अमरेली जिल्ह्यात समुद्रकाठी. दिल्लीतही त्याच नावाची वस्ती आहे. म्हणून नुसतं जाफराबाद म्हणून थांबू नका, "तहसील जाफराबाद, ज़िला जालना, महाराष्ट्र" असं पूर्ण सांगा आणि पिन कोड एकेक आकडा करून सांगा. हिंदीत तालुक्याला तहसील म्हणतात. नवीन कार्ड त्याच पत्त्यावर येणार असतं, त्यामुळे बँकेत जुना पत्ता असेल तर तो तिथेच विचारून घ्या.

*व्यवहार* आणि *तक्रार* हे दोन शब्द तर बँकेच्या फोनवर हमखास तोंडात येतात. हिंदीत "व्यवहार" म्हणजे वागणूक. "मैंने ये व्यवहार नहीं किया" म्हटलं की त्याला वाटतं, तुम्ही कुणाशी भांडलात का काय. "लेन-देन" किंवा "ट्रांज़ैक्शन" म्हणा. आणि "तकरार" म्हणजे हिंदीत भांडणच. "मुझे तकरार करनी है" ऐकल्यावर पलीकडचा सावध होणारच. तक्रारीला "शिकायत". "शिकायत दर्ज करना" म्हणजे तक्रार नोंदवणे.

आता सगळ्यात महागात पडेल असा घोळ. आपण सहज म्हणतो "खातं बंद करा", मनात असतं कार्ड. हिंदीतही "खाता बंद कर दो" म्हणजे खातंच बंद करा असाच अर्थ होतो. लगेच खातं बंद होत नाही, त्यासाठी सही-कागद लागतात, पण बोलणं भलतीकडे वळतं आणि पाच-दहा मिनिटं वाया जातात. तेवढ्यात दुसरीकडे कार्ड टेकवलं जाऊ शकतं. "खाता" शब्द इथे वापरूच नका. "कार्ड ब्लॉक कर दीजिए" एवढंच पुरे.

*कल* म्हणजे हिंदीत काल आणि उद्या, दोन्ही. "कल गिर गया" म्हणजे काल पडलं. "कल मैसेज आएगा" म्हणजे उद्या येईल. क्रियापदावरून ओळखावं लागतं, आणि फोनवर ते निसटतं. म्हणून तुम्ही बोलताना दिवस किंवा तारीख सांगा: "शनिवार को", "आज शाम". त्यानं "कल" म्हटलं तर विचारा, "मतलब रविवार को?"

आकडे जोडीनं सांगू नका. पन्नासचं "पचास" जमतं, पण पासष्ट, अडुसष्ट, एकोणऐंशी यांना हिंदीत "पैंसठ", "अड़सठ", "उन्यासी" म्हणतात आणि घाईत ते सुचत नाहीत. एकेक आकडा सांगितला की फक्त दहा शब्द लागतात: ज़ीरो, एक, दो, तीन, चार, पाँच, छह, सात, आठ, नौ. त्यातही दोनला "दो", सहाला "छह" आणि नऊला "नौ", एवढंच जिभेला वळण लावायचं. वेळेत मात्र दीडला "डेढ़", अडीचला "ढाई", पावणेसातला "पौने सात" म्हणतात, ते माहीत असू द्या.

शेवटी *तुम*. मराठीत "तुम्ही" हा मानाचा शब्द, म्हणून तोंडातून "तुम" निघतं. हिंदीत अनोळखी माणसाला "तुम" म्हटलं की उद्धट वाटतं. "आप" म्हणा आणि शेवटी "करो" ऐवजी "कीजिए", "बोलो" ऐवजी "बोलिए". काम त्यामुळे अडत नाही, पण पलीकडचा माणूस जरा नीट ऐकतो.

*संवादातले दोन मुद्दे नीट समजून घ्या*

"अस्थायी" म्हणजे तात्पुरतं. कार्ड घरातच कुठेतरी, पँटीत किंवा ट्रॅक्टरच्या डब्यात असेल अशी खात्री वाटत असेल आणि पैसे कटलेले नसतील, तर अस्थायी ब्लॉक करून घ्यायला हरकत नाही, सापडल्यावर उघडता येतं. पण पैसे कटल्याचा मेसेज आला असेल तर विचार करू नका, "हमेशा के लिए". ते कार्ड नंतर सापडलं तरी चालणार नाही, नवीनच घ्यावं लागेल.

दुसरा मुद्दा दोन कार्डांचा. किसान क्रेडिटचं रुपे कार्ड आणि बचतीचं कार्ड बऱ्याच जणांकडे एकाच बँकेचं असतं आणि दिसायलाही सारखं. कोणतं हरवलं ते न सांगता "कार्ड बंद करो" म्हटलं, तर चालू असलेलं ब्लॉक होऊन हरवलेलं चालूच राहू शकतं. किसान क्रेडिटचं हरवलं असेल तर जास्तच घाई करा, कारण त्यातून गेलेला पैसा कर्जाचा असतो आणि त्यावर व्याज लागतं. दोन्ही कार्डांचे शेवटचे चार आकडे आजच वहीत लिहून ठेवा, समोर "बचत" आणि "किसान" असं लिहून. फक्त चारच. कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवू नका. आकडे लिहिलेले नसतील तर म्हणा, "अंक याद नहीं हैं, खाता नंबर बताता हूँ।"

*खोटा माणूस कसा ओळखायचा*

बँकेचा माणूस नाव, जन्मतारीख, शेवटचे आकडे, कधी आईचं नाव, कधी शेवटचं लेन-देन विचारतो. हे सांगायचं. पण पिन, ओटीपी, कार्डामागचे तीन आकडे किंवा यूपीआय पिन माणसाला तोंडानं कधीच सांगायचा नाही. कार्ड बंद करायला त्याची गरजच नसते. विचारलं तर एकच वाक्य: "मैं ओटीपी नहीं बताऊँगा, मैं शाखा में आऊँगा।" आणि फोन ठेवा. "एक ऐप डाउनलोड कीजिए" असं म्हणाला तरी तेच.

तुम्ही फोन केल्यानंतर तासाभरात कुणी उलट फोन करून "आपका कार्ड चालू कर देता हूँ" म्हणाला, तर त्याच्याशी बोलत बसू नका. तो कट करून सेव्ह केलेल्या नंबरावर तुम्हीच परत लावा. कुणाला ओटीपी सांगून पैसे गेलेच असतील तर बँकेला कळवा आणि लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या नंबरावरही नोंद करा.

*लाइनच लागली नाही तर*

स्टेट बँकेच्या खातेदारांना मेसेजनंही कार्ड बंद करता येतं. खात्याला जोडलेल्या नंबरावरून, शेवटच्या चार आकड्यांसह असा मेसेज 567676 वर पाठवायचा:

```
BLOCK 4726
```

4726 च्या जागी तुमच्या कार्डाचे आकडे. मध्ये एक जागा सोडायची. कार्ड बंद झाल्याचा उलट मेसेज येतो, तो पुसू नका. पण मेसेजनं फक्त कार्ड बंद होतं, कटलेल्या 1850 ची तक्रार होत नाही. ती फोनवर किंवा शाखेत वेगळी करावी लागते.

सोमवारी शाखेत जाताना तक्रारीचा नंबर, फोनची वेळ आणि पैसे कटल्याचा मेसेज घेऊन जा. अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो. त्यात फोनवर कळवल्याची तारीख आणि वेळ लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेतल्याशिवाय उठू नका. तीस दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याची माहिती 14448 वर मिळते.

आज रात्री सरावासाठी पलीकडच्या माणसाची ही तीन वाक्यं घ्या. न वाचता उत्तर द्यायचं आहे.

"आपको पता है कार्ड कहाँ गिरा?"

"आपका पूरा पता बताइए।"

"एक ओटीपी आया होगा, वह बता दीजिए।"